काळा मसाला आणि काळी यादी

जुलै 2016मध्ये गायिका टेलर स्विफ्टच्या इन्स्टाग्राम खात्यावर साप सुटले. किम कार्दाशियनशी तिचं जाहीर भांडण झालं होतं आणि चिडलेल्या लोकांनी तिच्या प्रत्येक फोटोखाली हिरव्या सापाच्या इमोजींच्या ओळीच्या ओळी टाकायला सुरुवात केली. हजारो साप. मग एक दिवस ते गायब झाले. इन्स्टाग्रामने तिच्या खात्यावर एक नवं साधन लावून पाहिलं होतं: खातेदाराने एखादा शब्द किंवा इमोजी यादीत टाकला, की तो असलेली कमेंट लोकांना दिसतच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही सोय सगळ्यांना मिळाली. आज ती Hidden words या नावाच्या पानावर सापडते. यूट्यूबवर तिचं नाव Blocked words. फेसबुकच्या पेजलाही अशीच यादी देता येते.

म्हणजे ही सोय मराठी माणसाच्या फोनमध्ये कित्येक वर्षं पडून आहे. तरीही गावाकडच्या रेसिपी चॅनेलपासून नाटकवाल्यांच्या पेजपर्यंत बहुतेक ठिकाणी ती यादी रिकामी असते, किंवा रागाच्या भरात टाकलेल्या चार शिव्या तिच्यात असतात. काहींनी ती भरली, पण पुढे कमेंटच येईनाशा झाल्या म्हणून वैतागून बंद केली. यात दोष यादीचा नाही. मराठीसाठी ती वेगळ्या रीतीने भरावी लागते.

समजा, कोल्हापूरच्या एका बाईंचं यूट्यूबवर छोटंसं चॅनेल आहे. त्यांनी रविवारी सकाळी तांबड्या रश्श्याचा व्हिडिओ टाकला आणि दुपारपर्यंत शंभरेक कमेंट आल्या. बहुतेक चांगल्या. पण त्यांत कुणी रंगावरून बोललं, कुणी अंगावरून, एकाने ‘नालायक’ म्हटलं, आणि तीन प्रेक्षकांना बाईंच्याच नावाने, बाईंचाच फोटो लावलेल्या खात्यावरून उत्तर गेलं: अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलंय, टेलिग्रामवर संपर्क करा.

बाई संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडतात. Settings मधल्या Community moderation या भागात स्वयंचलित फिल्टरचं पान आहे. तिथे Blocked words ची चौकट. बाई तिच्यात पहिला शब्द टाकतात, ‘नालायक’. पहिली अडचण इथेच येते. मराठी माणूस कमेंट देवनागरीत लिहील असा भरवसा नाही. अर्ध्याहून अधिक वेळा तो इंग्रजी लिपीत लिहितो आणि त्या लिपीत मराठीचं एक असं स्पेलिंग नाही. शिवाय मराठीत शब्द एका रूपात थांबत नाही. नालायक, नालायका, नालायकांनो, आणि फिल्टर चुकवण्यासाठी मध्ये जागा सोडून लिहिलेलं ‘ना ला य क’. यादीतल्या शब्दाशी जवळपास जुळणाऱ्या कमेंटही अडवतो असं यूट्यूब सांगतं. पण आपल्या विभक्तिप्रत्ययांचा भार त्याच्यावर टाकू नये. रूपं आपणच द्यावीत, स्वल्पविराम देऊन:

```
नालायक, नालायका, नालायकांनो, ना ला य क
nalayak, naalayak, nalaayak, nalayk, n@layak
```

डोक्याने स्पेलिंगं शोधत बसायची मात्र गरज नाही. आलेल्या कमेंटच उचलून त्यांतला शब्द जसाच्या तसा चिकटवायचा. शिवी देणारे लोक कल्पक नसतात. एकाने वापरलेलं स्पेलिंग दुसरा वापरतोच.

इन्स्टाग्रामने ऑक्टोबर 2022मध्ये आपल्या तयार फिल्टरला मराठी शिकवल्याचं जाहीर केलं. बंगाली, तमिळ आणि तेलुगूही त्याच वेळी आल्या. i च्या जागी 1 टाकण्यासारखी मुद्दाम केलेली स्पेलिंगंही तो ओळखू लागला. Hidden words मधलं कमेंट लपवण्याचं बटण सुरू केलं, की हा तयार फिल्टर कामाला लागतो. ते सुरू ठेवावंच. पण तो ठोक शिव्या ओळखतो. कोल्हापुरातली, मालवणातली, नागपुरातली खास वचनं त्याच्याकडून अपेक्षू नयेत, आणि टोमणा तर नाहीच. त्यासाठी आपली यादी.

दुसरी अडचण पहिलीपेक्षा अवघड आहे. रंगावरून बोलणाऱ्यांना अडवायचं म्हणून बाईंनी यादीत ‘काळी’ आणि ‘काळा’ हे शब्द टाकले. अंगावरून बोलणाऱ्यांसाठी ‘जाड’, ‘जाडी’. दोन दिवसांत चॅनेल शांत झालं, फारच शांत. कारण ‘काळा मसाला घातला तर चालेल का?’ हा प्रश्न अडकला. ‘काळी मिरी किती?’ अडकला. ‘भाकरीची जाडी केवढी ठेवायची?’ आणि ‘जाडे पोहे की पातळ?’ हेही अडकले. स्वयंपाकाच्या चॅनेलवर हे शब्द अडवणं म्हणजे वाण्याने दुकानात डाळीचं नाव काढायला बंदी करण्यासारखं.

ही चूक जुनी आहे आणि मोठमोठ्यांनी केलेली आहे. 1996मध्ये अमेरिकेच्या एओएल कंपनीने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खातं उघडू दिलं नव्हतं, कारण गावाच्या नावातली काही अक्षरं सलग वाचली तर इंग्रजीतली एक अर्वाच्य शिवी निघते. संगणकवाले अशा घोटाळ्याला आजही त्या गावाच्याच नावाने ओळखतात.

उपाय सोपा आहे: जो शब्द सभ्य वाक्यातही येतो, तो एकटा टाकायचा नाही. त्याला त्याच्या दुष्ट सोबत्यासह टाकायचं. ‘काळी’ नको, ‘काळी कुट्ट’ आणि ‘kali kutt’ हवं. ‘जाडी’ नको, ‘जाडी झालीस’, ‘किती जाड झाली’ हवं. एकटा शब्द फक्त त्यालाच लावायचा, ज्याचा चॅनेलच्या विषयात काहीच संबंध येत नाही. ‘डुक्कर’ हा शब्द भरतनाट्यमच्या वर्गाच्या पानावर निर्धास्त अडवता येईल. गोव्यातल्या स्वयंपाकाच्या पानावर मात्र सोरपोतेल अडकेल.

आणि अडकलेल्या कमेंट बघायच्या. हे फार कमी लोक करतात. यूट्यूब अशा कमेंट पुसून टाकत नाही. त्या Held for review या कप्प्यात 60 दिवसांपर्यंत थांबतात. आठवड्यातून एकदा तो कप्पा उघडला, की यादी कुठे चुकतेय ते लगेच कळतं. दहा कमेंटमध्ये दोनतीन प्रश्न निष्पाप निघाले, तर त्यांत समान असलेला शब्द शोधायचा, त्याला सोबती जोडायचा आणि प्रश्नांना मंजुरी द्यायची. बाईंनी हे केलं असतं तर काळ्या मसाल्याचा गोंधळ तिसऱ्या दिवशी मिटला असता. काही जण याच्या उलट टोकाला जातात आणि प्रत्येक कमेंट मंजुरीसाठी अडवून ठेवतात. रोज पाच कमेंट येत असतील तर हे जमतं. पन्नास यायला लागल्या की मंजुरी मागे पडते, लोकांना वाटतं आपलं लिहिलेलं पोचलंच नाही, आणि ते लिहिणं सोडतात.

आता त्या बक्षीसवाल्याकडे. हा ट्रोल नव्हे. त्याला बाईंचा राग नाही, त्याला पैसे हवेत, आणि त्याचं सावज बाई नाहीत, त्यांचे प्रेक्षक आहेत. म्हणून तो व्हिडिओखाली स्वतंत्र कमेंट क्वचितच टाकतो. तो प्रेक्षकाच्या कमेंटला उत्तर देतो, कारण मग त्या प्रेक्षकाच्या फोनवर सूचना वाजते आणि त्यात बाईंचं नाव आणि फोटो दिसतो. 2022च्या सुरुवातीला हा प्रकार इतका बोकाळला, की मार्क्स ब्राउनलीसारख्या मोठ्या यूट्यूबरने त्यावर तक्रारीचा आख्खा व्हिडिओ केला. त्याच जुलैमध्ये यूट्यूबने सबस्क्रायबरांचा आकडा लपवण्याची सोय काढून घेतली, कारण तोतये तिचाच आधार घेऊन मोठ्या चॅनेलचं सोंग आणत.

अशांसाठी Blocked words च्या जवळच असलेली, दुवे अडवणारी Block links ही खूण सुरू करावी. मग दुवा असलेली कमेंट तपासणीसाठी थांबते. पण नुसती ती पुरत नाही. हुशार स्पॅमवाला दुवा देतच नाही. तो एखाद्या ‘गुंतवणूक सल्लागार मॅडम’चं नाव घेतो, दुसरं खातं म्हणतं की माझेही पैसे तिनेच वाढवून दिले, तिसरं विचारतं की त्या कुठे भेटतील. तिन्ही खाती एकाचीच. इथे ते सल्लागाराचं नावच यादीत टाकावं लागतं. सोबत नेहमीची मंडळी:

```
t.me, wa.me, telegram, टेलिग्राम, promote it on
```

काही जण व्हॉट्सअ‍ॅपचं नाव ठसठशीत नाहीतर वाकड्या नक्षीदार अक्षरांत लिहितात. ती दिसतात इंग्रजी, पण संगणकाच्या लेखी ती वेगळीच चिन्हं असतात, त्यामुळे साधा शब्द त्यांना पकडेल असा भरवसा नाही. तीच नक्षीदार अक्षरं कमेंटमधून उचलून यादीत चिकटवली, तर ती अडतात.

स्पॅमला उत्तर द्यायचं नसतं हे सगळ्यांना कळतं. प्रश्न येतो तो माणसांचा. इथे अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा उपयोग होतो. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2017मध्ये तो प्रसिद्ध केला. 667 लोकांना त्यांनी आधी कोडी सोडवायला दिली: काहींना सोपी, काहींना मुद्दाम अवघड, म्हणजे मूड बिघडावा. मग एक बातमी वाचून तिच्याखाली कमेंट लिहायला सांगितली. काहींना वर आधीपासून तीन साध्या कमेंट दिसत, काहींना तीन ट्रोलछाप. मूड चांगला आणि वरच्या कमेंट साध्या, अशा गटात 35 टक्के लोकांनी ट्रोलसारखं लिहिलं. मूड बिघडलेला आणि वर तीन वाईट कमेंट, अशा गटात 68 टक्के लोकांनी. म्हणजे तिथे घाण करणारे बहुतेक जण मुरलेले ट्रोल नव्हतेच. वैतागलेली साधी माणसं होती, आणि समोर आधीच घाण पडलेली दिसली म्हणून त्यांनीही टाकली.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की व्हिडिओ टाकल्यावरचा पहिला तास महत्त्वाचा. सगळ्यात वर काय दिसतंय, त्यावर पुढच्या माणसाची भाषा ठरते. बाईंनी पहिली कमेंट स्वतःच टाकावी, ‘तुमच्याकडे तांबड्यात खोबरं भाजून घालतात की कच्चं?’ अशी, आणि ती पिन करावी. यूट्यूबवर एक कमेंट वर पिन करता येते, इन्स्टाग्रामवर तीन. आणि ट्रोलला रागाने दिलेलं उत्तर त्याची कमेंट वर नेतं, एवढंच नव्हे, वाचणाऱ्याला दाखवतं की इथे भांडायची सोय आहे.

मग उत्तर द्यायचं कधी? नियम एकच पुरतो: आपलं उत्तर वाचून तिसऱ्या माणसाला काही मिळणार असेल तर द्यायचं, तेही एकदाच. तिसरा माणूस म्हणजे कमेंट करणारा नव्हे, आपणही नव्हे. नंतर येऊन हे वाचणारा. कमेंटची भाषा गोड की कडू, याच्याशी या नियमाला कर्तव्य नाही.

रश्श्याच्या व्हिडिओखाली तो असा चालतो. कुणी लिहिलं, ‘आमच्याकडं तांबड्यात टोमॅटो घालत नाहीत. हे कुठलं कोल्हापुरी?’ सूर टोचरा आहे, पण आत माहिती आहे. उत्तर: ‘बरोबर, पुष्कळ घरांत घालत नाहीत. टोमॅटो वगळला तरी चालतं. रंग मिरचीचा असतो आणि चव अळणी रश्श्याची.’ टोमॅटो न आवडणाऱ्या पुढच्या शंभर जणांना याचा उपयोग आहे. तोच गृहस्थ परत आला, ‘म्हणजे चुकलं ना? कबूल करा की!’ आता तिसऱ्याला मिळण्यासारखं काही उरलेलं नाही. गप्प बसायचं. कमेंट लपवायचीही नाही, कारण त्यात शिवी नाही. ‘मीठ जास्त पडलंय, दिसतंय’ हीसुद्धा राहू द्यायची. टीका लपवण्यासाठी फिल्टर वापरणारे लवकर उघडे पडतात. फेसबुकवर तर पेजने लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते.

‘बायकांनी आधी घर सांभाळावं’ असं लिहिणाऱ्याला उत्तर नाही. यूट्यूबवर त्याच्या नावासमोरच्या तीन टिंबांत Hide user from channel असतं. ते दाबलं की त्याच्या कमेंट इतर कुणाला दिसत नाहीत आणि यूट्यूब त्याला तसं कळवतही नाही. तो लिहीत राहतो, कुणी प्रतिसाद देत नाही, कंटाळतो. इन्स्टाग्रामवर 2019पासून असलेलं Restrict हेच काम करतं: त्याची कमेंट त्याला दिसते, बाकीच्यांना आपण मंजूर केली तरच. सरळ ब्लॉक केलं तर त्याला ते कळतं आणि दुसरं खातं उघडायची त्याला खुमखुमी येते. म्हणून आधी हे मुके उपाय, ब्लॉक शेवटी. एखाद्या व्हिडिओवर झुंडच तुटून पडली तर एकेकाला लपवत बसणं अशक्य होतं; इन्स्टाग्रामवर अशा वेळी काही दिवसांपुरत्या, आपल्याला फॉलो न करणाऱ्यांच्या आणि नुकतंच फॉलो करू लागलेल्यांच्या कमेंट थांबवता येतात.

या नियमाला गाजलेला अपवादही आहे. केंब्रिजच्या प्राचीन रोमच्या अभ्यासक मेरी बिअर्ड यांना 2013मध्ये एका विद्यार्थ्याने ट्विटरवर घाणेरडं लिहिलं. त्यांनी ते सगळ्यांपुढे ठेवलं. कुणीतरी त्या मुलाच्या आईचा पत्ता द्यायची तयारी दाखवली. मुलाने माफी मागितली, पुढे दोघं जेवायला भेटले, आणि आपल्या नावाला चिकटलेल्या त्या प्रकरणापायी त्याची नोकरी अडू नये म्हणून बिअर्डबाई त्याला शिफारसपत्रंही देऊ लागल्या. गोष्ट सुंदर आहे, पण ती घडली कारण तो मुलगा खऱ्या नावाने लिहीत होता आणि बिअर्ड यांच्यामागे मोठा वाचकवर्ग उभा होता. बिनचेहऱ्याच्या खात्याला आई नसते. कोल्हापूरच्या बाईंनी हा प्रयोग करू नये.

धमकी, पाठलाग, बदललेले अश्लील फोटो, जातीवरून शिवीगाळ: हे आलं तर उत्तराचा प्रश्नच संपला. अशी कमेंट घाईने पुसून टाकायची नाही, पुरावा जातो. आधी स्क्रीनशॉट घ्यायचा. त्यात खात्याचं नाव आणि वेळ दिसली पाहिजे. कमेंटचा आणि त्या खात्याच्या पानाचा दुवा वेगळा जपून ठेवायचा, कारण नाव बदलता येतं. मग कमेंट लपवायची, अ‍ॅपमध्ये रिपोर्ट करायची आणि cybercrime.gov.in वर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची.

आणि ज्यांचं चॅनेल नाही, जे फक्त बघतात आणि वाचतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. यूट्यूबवर चॅनेलचा खरा मालक उत्तर देतो तेव्हा त्याच्या नावामागे रंगीत पट्टी दिसते. तोतयाच्या नावामागे ती नसते. पट्टी नसलेल्या ‘बाईं’नी बक्षीस लागल्याचं कळवलं, तर त्या कमेंटवर रिपोर्ट दाबा आणि चॅनेलवाल्यांना कळवा. पैसे गेलेच असतील, तर लाज न बाळगता लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर पोचेल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त.